रांगेत माझा नंबर कितवा?

अण्णा पहिल्यांदा ऑफिसात आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती. तिच्यात तीन वर्षांची बिलं, डिलिव्हरी चलनं आणि एक जाड खतावणी. वाळूजला त्यांचं छोटं प्रेस शॉप आहे, सहा प्रेस आणि अकरा माणसं. शेजारच्या मोठ्या कारखान्याला ते पत्र्याचे ब्रॅकेट पुरवत. आता तो कारखाना ‘एनसीएलटीत गेला’ होता आणि अण्णांचे ३८ लाख तिथे अडकले होते. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, ‘‘साहेब, एवढंच सांगा. रांगेत माझा नंबर कितवा?’’

कंपन्यांच्या दिवाळखोरीत छोट्या पुरवठादारांचे दावे भरून देणं हे माझं रोजचं काम आहे. लोक बहुतेक वेळा ‘पैसे कधी मिळतील’ असं विचारतात. अण्णांचा प्रश्न जास्त बरोबर होता. कंपनी बुडाली की पैसे सगळ्यांना पुरत नाहीत, हे तर ठरलेलंच असतं. मग कोणाला आधी आणि कोणाला नंतर, एवढंच उरतं. ते कायद्याने लिहून ठेवलेलं आहे, पण ज्यांचे पैसे जातात त्यांनीच ते वाचलेलं नसतं.

हा कायदा म्हणजे २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता. कंपन्यांपुरता तो १ डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. सहकारी साखर कारखाना किंवा सूतगिरणी ‘अवसायनात निघाली’ हे आपल्याकडे गावोगाव ऐकलेलं असतं. ते प्रकरण वेगळं, ते सहकार कायद्याखाली चालतं. इथे मी फक्त कंपन्यांबद्दल बोलतो आहे. कंपनीने एक कोटी किंवा त्याहून जास्त रक्कम थकवली की घेणेकरी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत अर्ज करू शकतो. ही मर्यादा आधी एक लाख होती, मार्च २०२० मध्ये ती एक कोटी झाली. त्यामुळे अण्णांसारख्या माणसाला स्वतःच्या ३८ लाखांसाठी हा दरवाजा ठोठावता येतच नाही. त्यांच्या बाबतीत अर्ज बँकेने केला होता.

अर्ज दाखल करून घेतल्याच्या दिवसापासून कंपनीभोवती एक कुंपण पडतं. जुन्या येण्यासाठी कोणी दावा लावायचा नाही, जप्ती आणायची नाही, तारण ठेवलेली मशिनं बँकेने उचलून न्यायची नाहीत. अण्णांकडे त्या कंपनीचा वटला नसलेला एक चेक होता आणि त्याची केस चालू होती. कंपनीविरुद्धची ती केस तिथेच थांबली. चेकवर सही करणाऱ्या संचालकांविरुद्ध मात्र ती चालू राहू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. कुंपण कंपनीभोवती असतं, सही करणाऱ्याभोवती नसतं.

संचालक मंडळ बाजूला होतं आणि कारखाना चालवायला एक नोंदणीकृत व्यावसायिक नेमला जातो. त्याला सगळे नुसतं ‘आरपी’ म्हणतात. तो वर्तमानपत्रात जाहिरात देऊन दावे मागवतो. मग घेणेकऱ्यांची समिती बसते, आणि अण्णांना पहिला धक्का इथेच बसला. या समितीत मत असतं ते ज्यांनी कर्ज दिलं त्यांना, म्हणजे मुख्यतः बँका आणि वित्तसंस्थांना, आणि तेही कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात. ज्यांनी उधारीवर माल दिला, ट्रक लावले, माणसं पुरवली, त्यांना मत नाही. त्यांचं सगळ्यांचं मिळून येणं एकूण कर्जाच्या दहा टक्के किंवा जास्त असेल तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीत बसता येतं, पण हात वर करता येत नाही.

समितीपुढे दोन वाटा असतात. पहिली वाट रिझोल्यूशनची. कोणीतरी नवा मालक पुढे येतो, अमुक रक्कम देतो, कंपनी चालू अवस्थेत घेतो आणि जुनी देणी त्या रकमेत कायमची मिटतात. दुसरी अवसायनाची. कंपनीचा व्यवहार बंद करायचा, जमीन, शेड, मशिनं, कच्चा माल विकायचा आणि आलेले पैसे वाटायचे. पहिल्या वाटेला ६६ टक्के मतं लागतात. कायद्याने दिलेल्या मुदतीत योजना मंजूर झाली नाही तर दुसरी वाट आपोआप येते. मुदत मुळात १८० दिवसांची, त्यावर ९० दिवसांची वाढ, आणि कोर्टकज्ज्यांसह ३३० दिवसांचा बाहेरचा आकडा. प्रत्यक्षात बरीच प्रकरणं याच्या पुढे जातात.

आता रांग. ती संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे आणि अवसायनात ती अक्षरशः पाळली जाते. एका पायरीवरच्या सगळ्यांचे पैसे पूर्ण फिटल्याशिवाय खालच्या पायरीवर एक रुपयाही उतरत नाही. अण्णांच्या कारखान्याचे आकडे थोडे गोल करून मी त्यांना कागदावर मांडून दाखवले, तेच इथे देतो.

समजा सगळं विकून ४० कोटी आले. सर्वांत आधी या प्रक्रियेचाच खर्च: आरपीची फी, पहारा, वीजबिल, मूल्यांकन, जाहिराती. तो पूर्ण द्यावा लागतो. इथे तो तीन कोटी धरला. उरले ३७.

दुसऱ्या पायरीवर दोघे खांद्याला खांदा लावून उभे असतात. एक, कामगार, त्यांच्या शेवटच्या २४ महिन्यांच्या थकलेल्या येण्यासाठी. दुसरे, तारण असलेले घेणेकरी, ज्यांनी आपलं तारण सामायिक विक्रीत सोडून दिलं आहे. कामगार आणि बँक बरोबरीला असणं ही आपल्याकडे जुनी गोष्ट नाही. १९८५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कामगारांना ही बरोबरी मिळाली. त्याआधी बंद पडलेल्या गिरणीची यंत्रं विकली गेली की पैसा आधी तारणावर कर्ज दिलेल्यांकडे जायचा. २०१६ च्या संहितेने ती बरोबरी ठेवली, पण तिला २४ महिन्यांची मर्यादा घातली. ही मर्यादा मला खुपते. पगार थकवणारी कंपनी बंद पडायला कधीकधी चार-पाच वर्षं लागतात आणि कामगार तोवर आशेवर फाटकाशी येत राहतो.

आकड्यांकडे येऊ. बँकांचं तारणी कर्ज ६० कोटी, कामगारांचे सहा कोटी. एकूण ६६ कोटींचे दावे आणि हातात ३७ कोटी. म्हणजे प्रत्येकाला रुपयामागे सुमारे ५६ पैसे. कामगारांना साधारण तीन कोटी ३६ लाख, बँकांना ३३ कोटी ६४ लाख. पैसे संपले.

मी इथे पेन खाली ठेवलं. अण्णा म्हणाले, ‘‘आणि आम्ही?’’

अण्णा सहाव्या पायरीवर. त्यांच्या वर तिसऱ्या पायरीवर ऑफिसातले कर्मचारी, म्हणजे कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ न बसणारे सुपरवायझर, अकाउंटंट, स्टोअर-इन्चार्ज, त्यांच्या १२ महिन्यांच्या पगारासाठी. ज्या अकाउंटंटकडे अण्णा दर सोमवारी पेमेंटसाठी फेऱ्या मारत, तोही या हिशेबात कोरडाच राहतो. चौथ्यावर बिनतारणी कर्ज देणारे. पाचव्यावर सरकारची दोन वर्षांची करांची येणी, आणि त्यांच्यासोबत ज्या बँकेने आपलं तारण स्वतःच विकलं पण पूर्ण रक्कम वसूल झाली नाही तिची बाकी. मग सहाव्यावर ‘उरलेली सगळी देणी’. कायद्यात या पायरीला वेगळं नावही नाही. माल पुरवणारे, ट्रान्सपोर्टवाले, कॅन्टीन चालवणारा, बाग सांभाळणारा, सगळे तिथेच. त्यांच्या खाली फक्त भागधारक, आधी प्रेफरन्स शेअरवाले, मग साधे.

सरकार पाचव्या पायरीवर आहे हे पाहून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. जुन्या कंपनी कायद्यात कराची येणी बरीच वर होती. २०१५ मध्ये टी. के. विश्वनाथन समितीने नव्या कायद्याचा आराखडा मांडला तेव्हा सरकारने मागे सरकावं हे जाणूनबुजून सुचवलं, म्हणजे बिनतारणी कर्ज देणाऱ्यांना धीर यावा. पुढे २०२२ मध्ये रेनबो पेपर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या व्हॅट कायद्यातल्या तरतुदीमुळे तिथल्या विक्रीकराला तारणी देणं मानलं आणि या क्रमाला एक तडा गेला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या निकालात न्यायालयाने त्या निर्णयाची व्याप्ती बरीच आवळली.

मग अण्णांनी मला जे विचारलं ते प्रत्येक जण विचारतो. रिझोल्यूशन झालं तर ही रांग लागू नाही ना?

सरळ लागू नाही, पण तिची सावली पडतेच. नव्या मालकाने माल पुरवणाऱ्यांना किमान किती द्यायचं याचं मोजमाप कायद्याने अवसायनावरच टेकवलं आहे. कंपनी विकून टाकली असती तर त्यांना जेवढं मिळालं असतं, किंवा योजनेची रक्कम कलम ५३ च्या क्रमाने वाटली असती तर जेवढं मिळालं असतं, त्यातलं जे जास्त तेवढं तरी द्यायला हवं. अण्णांच्या बाबतीत पहिला आकडा शून्य. कारखान्यासाठी ४८ कोटींची बोली आली, ती रांगेने वाटून पाहिली तरी दुसऱ्याच पायरीवर संपते. म्हणजे दुसरा आकडाही शून्य. कायद्याच्या दृष्टीने अण्णांना शून्य देणारी योजना निर्दोष ठरते. त्यावर जे काही मिळेल ते बँकांच्या समितीच्या मर्जीचं. सर्वोच्च न्यायालयाने एस्सार स्टीलच्या निकालात, नोव्हेंबर २०१९ मध्ये, ठरवून दिलं की पैसे कसे वाटायचे हा समितीचा व्यापारी निर्णय आहे, आणि सगळ्या प्रकारच्या घेणेकऱ्यांना सारख्याच टक्क्याने द्या असं न्यायाधिकरण सांगू शकत नाही.

या शून्याचा अर्थ मराठवाड्याने जवळून पाहिला आहे. व्हिडिओकॉनचा पैठण रस्त्यावरच्या चितेगावचा कारखाना म्हणजे आमच्या भागातल्या कितीतरी छोट्या वर्कशॉपचं पहिलं गिऱ्हाईक. गटाच्या १३ कंपन्यांची प्रकरणं एकत्र करून चालवली गेली. मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटींचे होते आणि वेदांत समूहातल्या ट्विन स्टार कंपनीची योजना सुमारे २,९६२ कोटींची. ८ जून २०२१ च्या आदेशात एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने योजना मंजूर केली, पण बोली लावणारा जवळजवळ काहीच देत नाही असं नोंदवूनच. माल पुरवणाऱ्यांच्या वाट्याला त्यांच्या येण्याच्या ०.७२ टक्के येत होते. लाखामागे ७२० रुपये. छोट्या उद्योगांना थोडं जास्त द्यावं अशी सूचना खंडपीठाने केली. ती सूचनाच होती, कारण हुकूम करण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिलेलाच नाही.

तो आदेश टिकला नाही, आणि का टिकला नाही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. योजनेविरुद्ध मत देणाऱ्या संस्था अपिलात गेल्या. त्यात आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. विरोध करणाऱ्या कर्जदात्यालाही अवसायनात मिळालं असतं तेवढं मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि इथे ते रोख मिळत नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने मंजुरी रद्द करून प्रकरण समितीकडे परत पाठवलं. बँकांच्या हातात लढायला एक कलम होतं. पुरवठादारांच्या हातात ०.७२ टक्क्यांविरुद्ध काहीच नव्हतं, कारण त्यांचा किमान हक्कच शून्यावर बेतलेला होता.

तरीही मी अण्णांना रिझोल्यूशन व्हावं अशीच आशा ठेवायला सांगितलं. चालू कारखान्याला जी किंमत येते ती सुट्या मशिनांना येत नाही. हायड्रॉलिक प्रेस पायातून उपटून ट्रेलरवर चढवला की त्याची किंमत बऱ्याचदा भंगाराच्या जवळ जाते. वीज तोडलेल्या शेडमधली पाइपलाइन, वायरिंग, क्रेनचे रूळ, पायाचं काँक्रीट यांचं मोल शून्य होतं. त्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे कारखाना चालू राहिला तर अण्णांचं गिऱ्हाईक जिवंत राहतं. रिझोल्यूशनमधून गेलेले पैसे परत येत नाहीत, पण पुढची ऑर्डर येऊ शकते.

अण्णांची पिशवी रिकामी करताना मला कळलं की त्यांच्या हातात दोन गोष्टी आहेत, ज्या त्यांच्या स्वतःच्या लक्षात आल्या नव्हत्या.

पहिली त्यांच्या डाय. चार ब्रॅकेटच्या डाय त्यांनी स्वखर्चाने बनवल्या होत्या, आणि मागच्या दिवाळीत चाचणीसाठी त्या कारखान्यात पाठवल्या, त्या तिथेच राहिल्या. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू कंपनीच्या ताब्यात असली म्हणून ती कंपनीची होत नाही आणि ती रांगेत वाटलीही जात नाही. पण मालकी सिद्ध करावी लागते. चार डायपैकी तीनांच्या चलनावर ‘परत करण्याच्या अटीवर, विक्रीसाठी नाही’ असं लिहिलं होतं आणि त्यांच्या टूल रूमची बिलं अण्णांच्या नावाची होती. चौथीचं बिल कंपनीने भरलेलं निघालं. ती कंपनीचीच. आम्ही आरपीला तीन डायचं पत्र दिलं, सोबत चलनांच्या प्रती आणि डायवर कोरलेल्या नंबरांचे फोटो. महिन्याभरात तीन डाय टेम्पोत घालून परत आल्या. त्या आल्या नसत्या तर अण्णा आणखी चार-पाच लाखांना गेले असते. असल्या वस्तूंसाठी रांग नाही, फक्त पुरावा आहे.

दुसरी गोष्ट तारखेची. हा सगळ्यांत न समजलेला मुद्दा आहे. अर्ज न्यायाधिकरणाने दाखल करून घेतला त्या तारखेच्या आधी दिलेला माल म्हणजे जुनं येणं, सहावी पायरी. त्या तारखेनंतर आरपीच्या ऑर्डरवर कारखाना चालू ठेवण्यासाठी दिलेला माल म्हणजे प्रक्रियेचा खर्च, पहिली पायरी, सगळ्यांच्या आधी आणि पूर्ण. तोच ब्रॅकेट, तोच माणूस, पण एका तारखेच्या अलीकडे तो शेवटून तिसरा आणि पलीकडे पहिला. आरपीने अण्णांना माल सुरू ठेवायला सांगितलं तेव्हा ते रागाने नाही म्हणणार होते. ‘‘आधीचं बुडवलं, आता आणखी देऊ?’’ तो राग समजण्यासारखा होता, पण हिशेबाने चुकीचा. मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. आरपीच्या सहीची नवी पर्चेस ऑर्डर घ्या, जुन्या नंबरावर माल देऊ नका. बिलं वेगळ्या लेजरमध्ये ठेवा. आणि पैसे पंधरवड्याला मागा, महिन्याला नाही, कारण पहिल्या पायरीवर असलात तरी आरपीच्या खात्यात शिल्लक नसेल तर तुम्हाला थांबावंच लागतं.

कामगारांच्या बाबतीत रांगेबाहेरची गोष्ट आहे ती भविष्य निर्वाह निधीची. भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधी यांतून कामगारांना द्यायची रक्कम कंपनीच्या वाटपाच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. त्यात २४ महिन्यांची अटही नाही. एबीजी शिपयार्डच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे पुन्हा सांगितलं. त्याच निकालात एक कडक भागही आहे. प्रक्रिया चालू असतानाच्या महिन्यांचा पगार पहिल्या पायरीवर धरायचा तो फक्त त्या काळात कारखाना खरोखर चालला असेल आणि माणसाने खरोखर काम केलं असेल तरच. नुसतं हजेरीपटावर नाव असून भागत नाही. म्हणून कारखाना एनसीएलटीत गेल्यावर कामावर जाणाऱ्या कामगारांना मी सांगतो, रोजची हजेरी आणि प्रॉडक्शन शीटचा फोटो काढून ठेवा.

दाव्याचा फॉर्म मी अण्णांसमोरच भरला. पुरवठादारांसाठी तो ‘फॉर्म बी’. त्यात बिलं, ऑर्डर, चलन, बँकेचा उतारा आणि जीएसटी रिटर्नची प्रत जोडायची. दोन बिलांत अण्णांचा घोटाळा निघाला. ब्रॅकेट गंजलेले म्हणून कंपनीने परत केले होते आणि डेबिट नोट दिली होती, ती अण्णांच्या खतावणीत चढलीच नव्हती. ३८ लाखांतून एक लाख ४० हजार कमी झाले. अशी तफावत आरपीला सापडली की तो पूर्ण दाव्याकडेच संशयाने पाहू लागतो, म्हणून ती आपणच आधी काढून टाकलेली बरी. दावा ३६ लाख ६० हजारांचा गेला आणि तेवढाच मान्य झाला.

साधारण दीड वर्षाने ४८ कोटींची योजना मंजूर झाली. पुरवठादारांच्या सुमारे १२ कोटींच्या मान्य दाव्यांसाठी नव्या मालकाने ३० लाख ठेवले होते, रुपयामागे अडीच पैसे. अण्णांच्या खात्यात ९१ हजार ५०० रुपये आले. त्याच दीड वर्षात आरपीच्या ऑर्डरवर दिलेल्या मालाचे साडेअकरा लाख त्यांना पंधरवड्या-पंधरवड्याने पूर्ण मिळाले होते. दोन्ही रकमा त्यांनी खतावणीत समोरासमोरच्या पानांवर लिहिल्या आहेत. परवा ते नव्या मालकाची पर्चेस ऑर्डर घेऊन आले. पेमेंटची मुदत ९० दिवस लिहिली होती. अण्णांची नोंदणी लघु उद्योगाची आहे आणि लघु उद्योगाला द्यायचे पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. त्यांनी पेन काढलं, ९० खोडून ४५ केलं, खाली ‘डाय पुरवठादाराच्या मालकीच्या’ अशी ओळ घातली आणि दोन्ही ठिकाणी समोरच्यांची सही घेतल्याशिवाय पहिला माल पाठवायचा नाही असं मला सांगून उठले.